‘वापर करण्यात यावा’ ते ‘हातमोजे घाला’: फवारणीच्या एका सूचनाफलकाचे प्रकरण

## पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हे प्रकरण आहे. गाव, कंपनी आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. कंपनीचे सभासद मुख्यतः कपाशी, तूर आणि सोयाबीन घेणारे आहेत. तिचे बियाणे-औषधांचे एक दुकान आहे आणि दर खरिपाला दुकानाच्या भिंतीवर फवारणीच्या सूचनांचा फलक लागतो.

या जिल्ह्यात असा फलक कोणी सहज घेत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. राज्य शासनाने त्यासाठी विशेष चौकशी पथक नेमले. त्यानंतर गावोगावी फलक, पत्रके, मेळावे झाले. सूचना लिहिण्यात कसर राहिली नव्हती. त्या कोणत्या मराठीत लिहिल्या, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

कंपनीचा फलक सचिवांनी जुन्या सरकारी पत्रकांवरून तयार केला होता. त्यातली पाच वाक्ये अशी:

> १. कीटकनाशकांची फवारणी करतेवेळी संरक्षक साधनांचा वापर करण्यात यावा.
> २. मिश्रण तयार करतेवेळी आवश्यक ती दक्षता घेण्यात यावी.
> ३. वाऱ्याच्या दिशेचा विचार करून फवारणीबाबत निर्णय घेण्यात यावा.
> ४. फवारणीपश्चात प्रतिबंधित कालावधीचे पालन करण्यात यावे.
> ५. विषबाधेची लक्षणे आढळून आल्यास तात्काळ वैद्यकीय उपचार उपलब्ध करून देण्यात यावेत.

व्याकरणाची चूक एकाही वाक्यात नाही. माहितीही चुकीची नाही. शाळा शिकलेला माणूस हे वाचून मान हलवील आणि पुढे जाईल.

## अडचण

हंगामाच्या आधी कंपनीने फवारणी करणाऱ्या काही मजुरांना आणि सालदारांना दुकानात बोलावले आणि फलक मोठ्याने वाचून दाखवला. ‘समजलं का?’ असे विचारल्यावर सगळे ‘हो’ म्हणाले. मग संपादनाचे काम पाहणाऱ्या बाईंनी प्रश्न बदलला: ‘पहिलं वाक्य ऐकलं, आता उद्या सकाळी तुम्ही काय कराल?’ बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी एक जण म्हणाला, ‘काळजी घ्या म्हन्ते.’ दुसऱ्याने विचारले, ‘साधनं म्हन्जे आमच्या पंपाले लागते ते का?’ आणि तिसरा म्हणाला, ‘मालकानं देल्ले तं घालतो, नाई तं आम्ही कुठून आनू?’

या तीन उत्तरांत अडचणीचे तीन वेगवेगळे भाग आहेत.

पहिल्याने एक सौम्य उपदेश ऐकला, कारण वाक्यात करण्यासारखे कामच नव्हते. ‘वापर करण्यात यावा’ यात खरी क्रिया ‘वापर’ या नामात बंद झाली आहे. क्रियापदाच्या जागी ‘करणे’ आणि ‘येणे’ ही दोन पोकळ क्रियापदे उरतात, आणि बोलल्यावर जोर त्यांच्यावर पडतो. आठ शब्दांचे वाक्य, पण शरीराने करायची एकही गोष्ट त्यात नाही. घाला, बांधा, धुवा, थांबा यांतले काहीच नाही.

दुसऱ्याला ‘साधन’ म्हणजे काय ते कळले नाही. क्रिया नामात गेली की तिचे कर्मही ढोबळ नाम होऊन बसते. ‘घाला’ लिहिले की ‘काय घाला?’ हा प्रश्न लगेच येतो आणि हातमोजे लिहावेच लागतात. ‘वापर करण्यात यावा’ असे लिहिताना तो प्रश्न कोणाच्या मनात येत नाही, आणि ‘साधने’ खपून जाते.

तिसऱ्याचे उत्तर सगळ्यांत महत्त्वाचे. ‘करण्यात यावा’ हे कोणी करायचे? मराठीच्या या रचनेत कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण होते. शासन निर्णयात ती रचना चालून जाते, कारण तिथे वर प्रस्तावनेत कोणत्या कार्यालयाला आदेश आहे ते लिहिलेले असते. दुकानाच्या भिंतीवर प्रस्तावना नसते. तिथे मालक समजतो मजुराने वापरावे, मजूर समजतो मालकाने द्यावे, आणि दोघांचेही वाचन व्याकरणाने बरोबरच असते.

## विचारात घेतलेले पर्याय

मजकूर तसाच ठेवून चित्रे घालणे. संचालकांना हे स्वस्त आणि बिनवादाचे वाटले. चित्रे हवीतच, याबद्दल दुमत नव्हते. पण हातमोज्यांचे चित्र काढले तरी ते कोणी आणायचे हे चित्र सांगत नाही. शिवाय ज्याला वाचता येते तो चित्राखालचे वाक्य वाचून इतरांना सांगतो. वाक्य पोकळ असेल तर तोंडी सांगणेही पोकळ होते.

फलक वऱ्हाडीत लिहिणे. एका तरुण संचालकाचा हा आग्रह होता आणि त्यामागची आपुलकी खरी होती. तरी तो मागे पडला. गावातली माणसे वऱ्हाडी बोलतात, पण वाचायला शिकतात ती प्रमाण मराठी. ‘देल्ले’, ‘पाह्यजो’ असे छापलेले वाचताना वाचणारा अडखळतो, आणि काहींना ते आपली थट्टा केल्यासारखे वाटते. फलक साध्या प्रमाण मराठीत असावा आणि तो वाचून समजावणाऱ्याने वऱ्हाडीत बोलावे, असे ठरले. आमच्या मते हा निर्णय बरोबर होता, कारण अडचण बोलीची नव्हती. ‘हातमोजे घाला’ हे प्रमाण मराठी वाक्य वऱ्हाडी माणसाला एका दमात कळते.

नामांत अडकलेल्या क्रिया क्रियापदांत आणून प्रत्येक वाक्य नव्याने लिहिणे. हा पर्याय निवडला. यात वेळ जास्त जाणार आणि सचिवांना पुन्हा पुन्हा प्रश्न विचारावे लागणार, हे आधीच दिसत होते.

औषधाच्या डब्यावरच्या लेबलाला आणि आतल्या माहितीपत्रकाला हात लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट केले. ते कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे ठरलेले असते. मात्रा, पीक, कीड याबाबत फलक लेबलाकडेच बोट दाखवील, स्वतःचा आकडा सांगणार नाही.

## केलेले काम

### पहिला प्रयत्न आणि तो का फसला

सचिवांनी संगणकावर ‘करण्यात’ हा शब्द शोधला आणि जिथे सापडला तिथे वाक्य फिरवले. ‘वापर करण्यात यावा’चे ‘वापरावीत’ झाले, ‘पालन करण्यात यावे’चे ‘पाळावा’ झाले. वाक्ये आखूड झाली आणि काम संपल्यासारखे वाटले.

‘प्रतिबंधित कालावधी पाळावा’ हे वाक्य मजुरांना वाचून दाखवले तेव्हा अनुभव पहिल्यासारखाच आला. क्रियापद आले होते, पण कर्ता आणि कर्म अजून धुक्यातच होते. शिवाय ‘दक्षता घेण्यात यावी’ हे ‘घेण्यात’ असल्यामुळे शोधात सापडलेच नाही, आणि ‘विल्हेवाट लावावी’, ‘उपाययोजना व्हावी’ अशी वाक्येही सुटली. या आजाराची खूण एका शब्दात सापडत नाही. ती नामांच्या शेवटात जास्त दिसते: तपासणी, साठवणूक, वाटप, पालन, दक्षता, उपाययोजना. अशा नामाच्या मागे करणे, घेणे, होणे, लावणे, येणे यांपैकी काही आले की थांबून पाहायचे.

उलटी चूकही झाली. एका मसुद्यात ‘करणे’ दिसेल तिथे काढायचा सपाटा लागला आणि ‘फोन करा’ हेसुद्धा कोणी बदलू पाहत होते. मराठीत ‘फोन करणे’, ‘मदत करणे’, ‘अर्ज करणे’, ‘सही करणे’ ही रोजची क्रियापदेच आहेत. त्यांच्या जागी दुसरे एकशब्दी क्रियापद लोक वापरत नाहीत. म्हणून कसोटी अशी ठेवली: घरात बोलताना त्या नामाऐवजी साधे क्रियापद तोंडात येते का? ‘तपासणी करा’ऐवजी ‘तपासा’, ‘निवड करा’ऐवजी ‘निवडा’, ‘साठवणूक करा’ऐवजी ‘साठवा’, ‘निर्णय घ्या’ऐवजी ‘ठरवा’ येते, तर बदला. येत नसेल तर तसेच राहू द्या. ‘फवारणी’ हे कामाचे नाव म्हणून शीर्षकात ठेवले, कारण तो शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. क्रिया सांगताना मात्र ‘फवारू नका’ लिहिले.

### पहिला निर्णय: ‘घालावेत’ की ‘घाला’

सचिवांना ‘घाला’, ‘धुवा’, ‘थांबा’ हे हुकूम सोडल्यासारखे वाटत होते. ‘घालावेत’ सभ्य आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही रूपे मजुरांना वाचून दाखवली. ‘हातमोजे घालावेत’ हे त्यांना चांगल्या सल्ल्यासारखे वाटले, जमले तर करावे असे. ‘हातमोजे घाला’ हे आपल्याला उद्देशून सांगितल्यासारखे वाटले, आणि कोणालाही ते उद्धट वाटले नाही. मराठीत ‘घाल’चे ‘घाला’ करण्यातच आदर येऊन जातो, तो ‘-ण्यात यावे’ने वाढत नाही. फलकभर ‘-आ’ आणि ‘-ऊ नका’ ही दोनच रूपे ठेवली.

### दुसरा निर्णय: कर्ता कोण

पहिल्या वाक्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. ‘घाला’ लिहिल्यावर हातमोजे कुठून येणार हा प्रश्न टाळता येईना. मालकाने द्यायचे, असे लिहायचे का? संचालक मंडळातले सगळे स्वतः मालक होते. दुकानाच्या भिंतीवर ‘मालकांनो, द्या’ असे लिहिले तर उद्या कोणाला विषबाधा झाल्यावर तेच वाक्य आपल्यासमोर येईल, अशी भीती एकाने उघड बोलून दाखवली. ती भीती प्रामाणिक होती आणि त्यातूनच खरी गोष्ट कळली. जुने वाक्य कोणाची जबाबदारी आहे ते झाकत होते, आणि ते झाकलेले राहणे काही जणांना सोयीचे होते.

मधला मार्ग म्हणून ‘सर्वांनी घ्यावयाची काळजी’ असे शीर्षक सुचवले गेले. ते नाकारले, कारण ‘सर्वांनी’ लिहिले की पुन्हा कर्ता हरवतो. अखेर मंडळाने ठरवले की दुकानात किट ठेवायचे, मालकाने अनामत भरून ते न्यायचे आणि हंगाम संपल्यावर परत करायचे. त्यानंतरच वाक्य लिहिता आले:

> मालकांनो, फवारणाऱ्याला हातमोजे, मास्क, चष्मा, बूट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा द्या. किट दुकानात मिळते.
> फवारणारे भाऊ, हे सगळे घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका. रुमाल म्हणजे मास्क नाही.

हा मजकूर जुन्या वाक्याच्या दुपटीहून मोठा आहे. साधे लिहिणे म्हणजे आखूड लिहिणे, असा समज असतो. इथे जुने वाक्य आखूड होते कारण त्यात माहितीच नव्हती. ‘रुमाल म्हणजे मास्क नाही’ ही ओळ मजुरांशी बोलल्यावर आली. ‘तोंड झाका’ लिहिले तेव्हा बहुतेकांनी गळ्यातला रुमाल दाखवला होता.

### तिसरा निर्णय: मिश्रण कोण करते

‘मिश्रण तयार करतेवेळी दक्षता घेण्यात यावी’ या वाक्याला ‘कोण?’ विचारल्यावर बैठकीत शांतता पसरली. फलक फवारणाऱ्यासाठी होता, पण बऱ्याच वावरांत पाणी आणून औषध कालवायचे काम घरच्या बाया किंवा पोरे करतात. पंपातले औषध पाण्याने पातळ झालेले असते. डब्यातले औषध मूळ तीव्रतेचे असते, म्हणजे ते मोजताना आणि ओतताना अंगावर उडालेला थेंब जास्त घातक. ज्यांना सगळ्यात मोठा धोका, ते फलकाच्या वाचकांत धरलेलेच नव्हते. ‘दक्षता’ या नामाने हे कोणाच्या लक्षात येऊ दिले नव्हते. नवा मजकूर:

> औषध मोजणाऱ्यांनो, तुम्हीही हातमोजे आणि चष्मा घाला. काडीने ढवळा, हात घालू नका. लहान मुलांना डबा उघडायला सांगू नका.
> लेबलवर लिहिले आहे तेवढेच मोजा. लेबलवर १० लिटर पाण्याला २० मिली असेल आणि तुमचा हातपंप १५ लिटरचा असेल, तर एका पंपाला ३० मिली मोजा. टोपणाने अंदाजे ओतू नका.

हिशेबाची ओळ कृषी सहाय्यकांच्या सांगण्यावरून घातली. लेबलवरचा आकडा १० लिटरला असेल आणि पाठीवरचा पंप त्याहून मोठा असेल, तर हिशेब चुकतो. पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाचा हिशेब वेगळा असतो, म्हणून ‘हातपंप’ हा शब्द मुद्दाम ठेवला.

### चौथा निर्णय: ‘ठरवा’ पुरेसे आहे का

‘फवारणीबाबत निर्णय घेण्यात यावा’ हे वाक्य या प्रकारच्या लिखाणाचा नमुनाच म्हणावे लागेल. सचिवांनी त्याचे ‘वाऱ्याची दिशा पाहून फवारायचे की नाही ते ठरवा’ असे केले. नामाचे क्रियापद झाले, कर्ताही आला. तरी मजुराने विचारले, ‘पाह्यलं वारं. आता काय ठरवू?’

इथे एक गोष्ट शिकायला मिळते. ‘निर्णय घ्या’चे ‘ठरवा’ करणे ही पहिली पायरी आहे. वाचणाऱ्याला खरेच दोन वाटांतून निवड करायची असेल, तर ‘ठरवा’ला कसोटी जोडावी लागते. आणि निवड करायचीच नसेल, उत्तर लिहिणाऱ्याला आधीच माहीत असेल, तर ‘ठरवा’सुद्धा काढून सरळ ते उत्तर लिहायचे. वाऱ्याच्या बाबतीत उत्तर माहीत होते:

> चिमूटभर कोरडी माती हातातून सोडून पाहा. धूळ तुमच्या अंगावर आली तर बाजू बदला. वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका.
> वारा जोरात असेल तर त्या दिवशी फवारू नका. भर दुपारी फवारू नका.

### पाचवा निर्णय: कोणता ‘कालावधी’

‘प्रतिबंधित कालावधी’ म्हणजे नेमका कोणता, हे सचिवांना विचारले तर ते म्हणाले, ‘लेबलवर असतो तो.’ लेबलवरचा दिवसांचा आकडा मात्र शेवटची फवारणी आणि काढणी किंवा वेचणी यांमधल्या अंतराचा असतो. फलक लिहिताना त्यांच्या मनात होते ते फवारलेल्या वावरात पुन्हा केव्हा जायचे हे. दोन वेगळ्या गोष्टी एका नामात बसून गेल्या होत्या. साधे क्रियापद लावताना ‘जाऊ नका’ आणि ‘वेचू नका’ अशी दोन वाक्ये वेगळी पडली, तेव्हा हा घोटाळा दिसला:

> फवारल्यानंतर २४ तास त्या वावरात निंदायला, वखरायला किंवा जनावरे घेऊन जाऊ नका. लेबलवर याहून जास्त वेळ सांगितला असेल तर तेवढे थांबा.
> शेवटच्या फवारणीनंतर लेबलवर लिहिलेले दिवस होईपर्यंत पीक काढू नका, वेचू नका.

### सहावा निर्णय: विषबाधा झाली तर कोणाला सांगायचे

‘उपचार उपलब्ध करून देण्यात यावेत’ हे वाक्य आजारी माणसाला सांगायचे की सोबत्याला? ज्याला भोवळ येते आहे तो फलक आठवून फोन करील, असे धरता येत नाही. म्हणून सूचना दोन माणसांसाठी लिहिली, आणि त्याआधी ‘एकट्याने फवारू नका’ ही ओळ घातली:

> एकट्याने फवारू नका.
> मळमळ, डोकेदुखी, खूप घाम, तोंडात लाळ, धूसर दिसणे यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबा आणि सोबत्याला सांगा.
> सोबत्याने: त्याला वावराबाहेर न्या. औषध लागलेले कपडे काढा. अंग साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवा. १०८ ला फोन करा. औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.

डब्याची ओळ मूळ फलकात नव्हती. कोणते विष गेले हे डॉक्टरांना लेबलवरूनच नक्की कळते, आणि उपचार त्यावर ठरतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या औषधांवर अ‍ॅट्रोपिन वापरतात. दुसऱ्या बऱ्याच गटांना ते तसे लागू पडत नाही. ‘उपचार उपलब्ध करून देणे’ या पसरट नामात ही एक जीव वाचवणारी क्रिया, डबा सोबत नेणे, कुठेच बसली नव्हती.

## निष्पत्ती

नवा फलक पेरणीच्या सुमारास लागला. तो छापण्याआधी आणखी एकदा मजुरांना वाचून दाखवला आणि तोच प्रश्न विचारला: ‘उद्या सकाळी तुम्ही काय कराल?’ या वेळी उत्तरे क्रियापदांत आली. हातमोजे मागू, माती सोडून पाहू, डबा घेऊन जाऊ. एक जागा तेव्हाही अडली. रिकाम्या डब्याबद्दल ‘तीन वेळा धुवा, ते पाणी पंपात टाका, डब्याला भोक पाडा आणि विहिरी-नाल्यापासून लांब पुरा’ असे लिहिले होते. वाक्य सगळ्यांना समजले, पण चांगल्या डब्याला भोक का पाडायचे, हे दोघांना पटले नाही. घरात त्यात तेल, पाणी भरतात. म्हणून ‘धुतला तरी डब्यात विष राहते’ ही ओळ वाढवली. जिथे सांगितलेले काम सवयीच्या उलट असते तिथे क्रियापदासोबत कारणही द्यावे लागते.

मालकांनी किट नेले. काहींनी अनामतीवरून कुरकुर केली, पण ‘हे माझे काम नाही’ असे म्हणायला भिंतीवर जागा उरली नव्हती. विषबाधा कमी झाल्या की नाही, याबद्दल या एका फलकावरून काहीही म्हणणे बरोबर नाही. पाऊस, किडीचा जोर, कोणते औषध विकले गेले, अशा पुष्कळ गोष्टी त्यात येतात.

एक अडचण भाषेने सुटली नाही. सप्टेंबरच्या उकाड्यात, कमरेच्या वर वाढलेल्या पऱ्हाटीत, चष्म्यावर वाफ धरते आणि मास्कमध्ये जीव घुसमटतो. मजूर तो काढून ठेवतात. वाक्य कितीही स्पष्ट असले तरी इथे वेळ बदलावी लागते, सकाळी लवकर सुरू करून उन्हाआधी थांबावे लागते. तसे करायचे तर एका दिवसाचे काम दोन दिवसांवर जाते आणि मजुरी कोणी भरायची हा प्रश्न येतो. फलकावर ‘भर दुपारी फवारू नका’ आहे. त्याचा खर्च कोणाकडे, हे मंडळाने अजून ठरवलेले नाही, म्हणून ती सूचना सगळ्यात कमी पाळली जाते.

कंपनीच्या कार्यालयातही थोडा फरक पडला. सभेच्या सूचनेत ‘लाभांशाचे वाटप करण्यात येईल’ऐवजी ‘लाभांश वाटू’ आले आणि लगेच ‘कधी?’ असा प्रश्न सभासदांनी विचारला. ठराव आणि शासकीय पत्रव्यवहार मात्र जुन्याच भाषेत राहिला. तिथे ठरलेली शब्दयोजना मोडली तर कागद परत येण्याची भीती असते, आणि तो वाद या कामात ओढून घेण्याची गरज नव्हती.

## वेगळे काय करता आले असते

मजुरांना मजकूर लिहिण्याआधी बोलवायला हवे होते. इथे जुना फलक वाचून दाखवण्यापासून सुरुवात झाली, त्यामुळे पहिले काही दिवस जुनी वाक्ये दुरुस्त करण्यात गेले. ‘फवारणीच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोण काय करते?’ असे आधी विचारले असते, तर औषध कालवणाऱ्या बाया पहिल्याच दिवशी समोर आल्या असत्या आणि वाक्ये कामाच्या क्रमाने लागली असती.

मालक आणि फवारणारे यांचे फलक वेगळे असते तर बरे झाले असते. एकाच फलकावर ‘मालकांनो’, ‘फवारणारे भाऊ’, ‘सोबत्याने’ असे तीन कर्ते आल्याने प्रत्येकाला आपली ओळ शोधावी लागते. मालकाचा फलक दुकानात लावता आला असता. फवारणाऱ्याची सूचना पंपावर चिकटवता येईल एवढी छोटी, चार-पाच क्रियापदांची हवी होती, कारण मजूर दुकानात क्वचितच येतो.

कोलामी बोलणाऱ्या मजुरांचा विचार उशिरा झाला. या भागात फवारणीला कोलामांच्या पोडांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, माणसे येतात, आणि त्यांतल्या वयस्करांना मराठी बोलता आली तरी वाचता येत नाही. साध्या क्रियापदांचा इथे एक फायदा झाला: ‘घाला’, ‘धुवा’, ‘थांबा’ ही वाक्ये पोडावरच्या एका शिकलेल्या मुलीने ऐकता ऐकता कोलामीत सांगितली. ‘प्रतिबंधित कालावधीचे पालन’ तिला तसे सांगता आले नसते. पुढच्या हंगामात हे वाचन पेरणीआधी, पोडावर जाऊन आणि औषध कालवणाऱ्या बायांसमोर करायचे, असे मंडळाने इतिवृत्तात नोंदवले आहे. कोण जाणार त्यांची नावेही त्यात लिहिली आहेत.